पदरावरचा मोर हातावर उतरवताना

पूर्वी नवरी मेंदीला बसायची तेव्हा शेजारी मेंदीच्या नक्षीचं एखादं पुस्तक असायचं. त्यातला हात आवडो न आवडो, ती नक्षी कुणीतरी आधी खरोखर काढलेली असे. आता मोबाइल पुढे येतो. त्यावरचं चित्र नवरीने नाहीतर तिच्या बहिणीने रात्री बसून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून काढून घेतलेलं असतं. ते देखणं असतं, भरगच्च असतं आणि जगात आजवर कुणाच्याही हातावर उमटलेलं नसतं. मेंदीवाली ते दोन बोटांनी मोठं करून बघते आणि विचारते, "ताई, छानच आहे, पण ही रेघ जाते कुठे?"

प्रश्न नेमका आहे. ही साधनं मेंदीच्या असंख्य फोटोंवरून शिकलेली असतात. त्यातली बरीचशी सुरुवात करतात ती नुसत्या विस्कटलेल्या ठिपक्यांपासून आणि ते ठिपके हळूहळू सारखे करत नेतात, इतके की शेवटी ते मेंदीसारखे दिसू लागावेत. मेंदी लांबून कशी दिसते हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. पण मेंदी म्हणजे कोनातून निघणारी ओली रेघ, तिला सुरुवात असते, वळण असतं आणि एका जागी ती थांबते, ही कल्पनाच त्या चित्रामागे नसते. म्हणून वेल पानाच्या मागे एक शिरते आणि पलीकडून दोन निघतात. एका फुलाला सात पाकळ्या, त्याच्या जोडीच्या फुलाला साडेआठ. हाताला सहावं बोट फुटण्याचे प्रकार आता कमी झालेत, पण जाळी अजूनही पटकन पकडून देते. माणसाने काढलेल्या जाळीत प्रत्येक घर चौकटीसारखं बंद होतं. यंत्राच्या जाळीत काही घरं चार कोपऱ्यांची, काही पाच, तर काही उघडीच राहतात.

तेव्हा असं चित्र समोर ठेवून तसंच्या तसं काढायला सांगणं व्यर्थ आहे. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. कल्पना डोळ्यांसमोर आणायला ते उत्तम. त्यानंतर ती कल्पना कोनाला झेपेल अशी करणं हे माणसाचं काम, आणि ते घरीही बरंचसं करता येतं. एक उदाहरण घेऊन ते सगळं पाहू.

समजा, नवरी लग्नात पैठणी नेसणार आहे आणि तिला पदरावरचा बांगडी मोर हातावर हवा आहे. बांगडी मोर म्हणजे गोल बांगडीसारख्या कड्यात बसवलेला मोर. पैठण आणि येवल्याच्या विणकरांच्या नक्षीतला हा जुना नमुना, मुनिया, असावली, अजिंठा कमळ यांच्याच पंगतीतला. हौस अगदी रास्त आहे. अडचण अशी की साधनाला 'पैठणीच्या बांगडी मोराची मेंदी' एवढंच सांगितलं तर ते बहुधा बांगड्या वेगळ्या आणि मोर वेगळा काढून देतं, तोही मनगटापासून कोपरापर्यंत पसरलेला, चमचमत्या सोनेरी रेघांचा. त्याने शिकताना पाहिलेल्या फोटोंत पैठणी जाणणारे फोटो मोजकेच असणार.

म्हणून नाव सांगू नये, आकार सांगावा. आणि पूर्ण हात मागू नये, एकच नमुना मागावा. उदाहरणार्थ असं: 'पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांचं सपाट चित्र. दुहेरी रेघेचं एक वर्तुळ. वर्तुळाच्या आत बाजूने दिसणारा एक मोर, मान इंग्रजी एस अक्षरासारखी, पिसारा वर्तुळाच्या कडेने वळलेला. छटा नको, रंग नको, हात नको, मागे काही नको.' मराठीत लिहिलेलं आता बऱ्याच साधनांना कळतं. 'हात नको' हे शब्द सर्वांत महत्त्वाचे. हाताचा फोटो मागितला की बोटांच्या गोलाईवर नक्षी तिरपी पडते, सावल्या येतात आणि मूळ आकार काय होता हे पुन्हा शोधत बसावं लागतं. कागदावरचं सपाट चित्र मोजता येतं. 'नको' सांगूनही कधी सावली किंवा हात येतोच. तेव्हा नकार वाढवत न बसता 'रंगवण्याच्या वहीतल्या चित्रासारखं' असं म्हणून पाहावं.

चार-पाच चित्रं निघाली की त्यातलं एक निवडायचं ते मोराच्या ठेवणीवरून. मान कुठे वळते, पिसारा कड्यात कसा बसतो, मोकळी जागा कुठे सुटते, एवढंच पाहायचं. बारीक काम पाहायचंच नाही, कारण ते आपण पुसणारच आहोत. चोच बिघडली असेल तर तेवढी दुरुस्त करायला साधनाला सांगण्यात वेळ जातो. पुष्कळदा चोच सुधारते आणि पिसारा बदलतो. चोच आपल्याला काढता येते.

इथून पुढे काम कागदावर. मोबाइलवर चित्र हवं तेवढं मोठं होतं आणि तिथेच फसगत होते. नवरीच्या हाताचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलने कड काढावी आणि मोजावं. पंजाच्या पाठीची रुंदी साधारण सात-आठ सेंटिमीटर भरते. कडेने थोडी जागा सोडली तर बांगडी मोराला पाच सेंटिमीटरचं वर्तुळ मिळतं. चित्राची छापील प्रत त्याच मापात काढायची, पाच सेंटिमीटर म्हणजे पाचच. ती हातात आली की पहिला धक्का बसतो. पडद्यावर दिसणारी ती सगळी मोहक जाळी आता करड्या डागासारखी दिसते.

आता त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून, हवं तर खिडकीच्या काचेवर धरून, चित्र पुन्हा काढायचं. पेन्सिलने नव्हे, लहान मुलांच्या स्केचपेनने. पेन्सिलच्या टोकाने केसाएवढी रेघ निघते आणि आपण स्वतःलाच फसवतो. स्केचपेनची रेघ साधारण एक मिलिमीटरची, आणि सराईत हातातल्या बारीक कोनाची रेघही त्याच्याच आसपास असते. याहून बारीक काढणाऱ्या कलावंत आहेत, पण त्यांच्या त्या कामाला लागणारा वेळ आणि दरही वेगळा असतो. ओली मेंदी त्वचेवर टेकली की किंचित पसरतेही. म्हणून दोन रेघांमध्ये निदान एका रेघेइतकी कोरी जागा हवीच, नाहीतर वाळेपर्यंत त्या एकमेकींत मिसळतात आणि उरतो तो नुसता पट्टा. जे स्केचपेनने काढताना गिचमिड होतं, ते कोनाने होणार नाही, असं धरून चालावं.

मोराचा हिशेब करून पाहू. कड्याची बाहेरची रेघ एक मिलिमीटर, मग ठिपक्यांसाठी दोन मिलिमीटर जागा, आतली रेघ एक, आणि मोर कड्याला चिकटू नये म्हणून आणखी एक मिलिमीटर कोरा. म्हणजे प्रत्येक बाजूने पाच मिलिमीटर गेले आणि पाच सेंटिमीटरच्या वर्तुळात मोराला उरले चार. पिसाऱ्यावरचा एक डोळा थेंबाच्या आकाराचा धरला, तर बाहेरची रेघ एक, कोरी जागा एक, आतला भरीव थेंब दोन, पुन्हा कोरी जागा एक आणि रेघ एक, असा तो सहा मिलिमीटर रुंद होतो. त्याहून लहान केला तर आतला थेंब आणि बाहेरची रेघ एक होतात. शेजारच्या थेंबापासून दोन मिलिमीटर अंतर सोडलं की एका डोळ्याला आठ मिलिमीटर लागले. पिसारा अर्ध्या कड्यावर पसरायचा आहे. थेंब कड्याच्या थोडे आत बसतात, त्यामुळे त्या अर्ध्या वर्तुळाची लांबी साधारण 53 मिलिमीटर भरते. तिथे बसतात सहा डोळे. यंत्राच्या चित्रात तिथे तीसेक असतात.

तिसाचे सहा करताना जीव तुटतो, हे खरं. पण हातावर ते सहाच मोर म्हणून ओळखू येतात. तीस डोळ्यांचा ठिगळासारखा डाग होतो. ज्यांना पिसारा दाटच हवा आहे, त्यांनी मोर मोठा करावा, कोपराकडच्या भागावर न्यावा. डोळे लहान करू नयेत.

पुढचा प्रश्न रंगाचा. पैठणीत मोराची निळी मान, हिरवं पोट आणि लाल चोच वेगवेगळ्या रंगांच्या रेशमामुळे सुटी दिसतात. मेंदीकडे रंग एकच, आणि दुसरा म्हणजे कोरी त्वचा. तेव्हा प्रत्येक भाग तीनपैकी कशात मोडतो ते ठरवावं लागतं: पूर्ण भरीव, रेघांनी भरलेला, किंवा कोरा. शेजारी-शेजारी असलेले दोन भाग एकाच प्रकारचे नकोत. आपल्या मोराची मान भरीव केली, तर पोट कोरं ठेवून त्यात तीन-चार वळणदार रेघा पुरतात, आणि पंखावर माशाच्या खवल्यांसारख्या दोनच ओळी. तुरा म्हणजे तीन ठिपके, प्रत्येकाला एक काडी. डोळ्याच्या जागी भरीव मानेत कोरा ठिपका सोडायचा, कारण नंतर तिथे काही काढता येत नाही. यंत्राच्या चित्रात दिसते तशी गडद ते फिकट हळुवार उतरणारी छटा मात्र जपून मागावी. मेंदीवाल्या कडेला जाड थर देऊन आत पातळ पसरवतात तेव्हा तशी छटा दिसते खरी, कारण पातळ थर लवकर वाळतो आणि रंग कमी सोडतो. पण ती मोठ्या पाकळीत शोभते. दोन मिलिमीटरच्या थेंबात ती दिसतच नाही.

ही सगळी काटछाट करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: मेंदीवाली सहसा छापा मारत नाही, समोर बघून मुक्तहस्त काढते. तिच्या हातात ठरावीक वळणं बसलेली असतात. थेंब, पाकळी, पान, लाट, ठिपक्यांची रांग, जाळी, कोयरी. आपला मोर या वळणांत सांगता आला तर तो तिला तिसऱ्यांदा काढताना कागदाकडे बघावंही लागत नाही. मोराचं अंग म्हणजे आडवी कोयरी, मान तिच्या टोकातून निघालेली लाट, पिसारा म्हणजे थेंबात थेंब असे सहा, पाय म्हणजे दोन काड्या. एवढ्यात मोर संपला पाहिजे. ज्याला यातलं कुठलंच नाव देता येत नाही असा वळवळाट चित्रात उरला असेल, तर तो बिनदिक्कत काढून टाकावा. तो बहुधा यंत्राने जागा भरायला घातलेला असतो.

मग हाताचा आकार येतो, ज्याची चित्राला कल्पना नसते. कागद सपाट, हात नाही. ट्रेसिंग पेपरवरचा मोर कापून नवरीच्या हातावर ठेवून पाहावा. मनगटाच्या घडीवर तो ठेवला तर हात वळवताच मानेची मोडतोड होते. बोटांच्या सांध्यांवर गेला तर मूठ मिटताना ताणला जातो. पंजाच्या पाठीवर, सांध्यांच्या खाली आणि मनगटाच्या वर, तो शांत बसतो. कोपराकडे जाताना हात रुंद होत जातो, म्हणून सारख्या रुंदीचा उभा पट्टा तिथे अपुरा पडतो आणि कडेला उघड्या फटी दिसतात.

मनगटाभोवती नारळी काठ घ्यायचा असेल तर आधी फितीने मनगट मोजायचं. समजा 15 सेंटिमीटर भरलं. काठातला एक नारळ दीड सेंटिमीटरचा धरला की दहा नारळांत फेरा पूर्ण होतो. माप 15.5 निघालं तर अर्धा नारळ कोंबायचा नाही, दहा नारळांमधली अंतरं थोडी वाढवायची. चित्रात फक्त समोरची बाजू दिसते, म्हणून हा जोड कधी कुणाच्या ध्यानात येत नाही आणि मग शेवटी पिळवटलेला एक नारळ दिसतो. जोड करंगळीच्या बाजूला घ्यावा, तिथे नजर कमी जाते.

आणि हिरवा चुडा! मनगटापासून वर चार-सहा बोटं जागा त्या बांगड्यांखाली जाते. राजस्थानी, अरबी धाटणीचे फोटो पाहून शिकलेल्या यंत्राला चुड्याशी काही देणंघेणं नाही. नवरीने सगळ्यात हौसेचा मोर मनगटाच्या लगेच वर घेतला, तर लग्नाच्या एकाही फोटोत तो दिसत नाही. माझ्या मते नारळी काठसुद्धा मनगटावर अगदी साधा ठेवावा, आणि त्यावर वाचवलेला वेळ पंजाच्या पाठीवर घालवावा.

दुसऱ्या हातासाठी तोच कागद उलटा केला की मोर समोरासमोर येतात. ट्रेसिंग पेपरचा हा फायदा. फक्त अक्षरं उलटवायची नाहीत. नवऱ्याचं नाव नक्षीत लपवायचं असेल तर ते यंत्राकडून अजिबात काढून घेऊ नये. देवनागरी अक्षरं लिहिताना ही साधनं वरची रेघ मारतात आणि खाली कधी नसलेली मात्रा, कधी कुठल्याच लिपीत नसलेलं अक्षर काढून ठेवतात. नाव हाताने लिहून द्यावं, जोडाक्षर असेल तर मोठं.

यंत्राच्या चित्राने एक घोटाळा मात्र गंभीर केला आहे. त्यात मेंदी बहुधा कुळकुळीत काळी किंवा गर्द चॉकलेटी दिसते, तीही सगळीकडे सारखी. खऱ्या मेंदीचा रंग तसा येत नाही. पानातलं रंगद्रव्य, लॉसोन, त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिनला चिकटतं. तळहाताची त्वचा जाड, म्हणून तिथे रंग सर्वांत गडद. पंजाच्या पाठीवर तो उतरतो आणि कोपराकडे आणखी फिका होतो. सुकलेली मेंदी खरवडल्यावर आधी नारिंगी दिसतो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत तपकिरी होत जातो. म्हणजे मोराची भरीव मान पंजाच्या पाठीवर तळहातापेक्षा फिकीच दिसणार. तिथे नाजूक रेघांपेक्षा मोठे भरीव आकार आणि भरपूर कोरी जागा यांचाच आधार असतो.

चित्रासारखा काळा रंग हवा म्हणून 'काळी मेंदी' मागणाऱ्या नवऱ्या असतात. त्यांना स्पष्ट सांगावं लागतं की असा कोन मेंदीच्या पानाने काळा झालेला नसतो. त्यात बहुधा केसांच्या कलपातलं पॅराफेनिलिनडायमाइन मिसळलेलं असतं. त्याने हातावर पुरळ, फोड येऊ शकतात, ते बरे झाल्यावर नक्षीच्या आकाराचा डाग राहू शकतो आणि पुढे आयुष्यभर केसांच्या कलपाचीही ॲलर्जी जडू शकते. तासाभरात काळा रंग देणारा कोन कुणी देऊ केला तर नको म्हणावं, मग समोरचं चित्र कितीही सुंदर असो.

असा कागद तयार झाला की चित्र बाजूला ठेवावं आणि मेंदीवालीला फक्त कागद दाखवावा. दोन्ही दाखवले तर डोळा पुन्हा चित्राकडेच जातो. कागदावर मोराचं माप लिहावं, भरीव भाग रंगवून टाकावेत आणि कुठल्या हातावर कुठे बसणार ते पंजाच्या कडेच्या चित्रात दाखवावं. ती त्यात बदल सुचवेल. ती म्हणेल, थेंब खालून सुरू करू नका, वरून करू, म्हणजे माझा हात ओल्या मेंदीला लागणार नाही. किंवा कड्यातले ठिपके आधी नकोत, मोर झाल्यावर घेऊ. ते ऐकावं. कुठला भाग आधी हे हातावर काम करणाऱ्यालाच कळतं. कोपरापर्यंत दोन्ही हात, दोन्ही बाजूंनी भरायचे म्हटलं तर पाच-सहा तास सहज जातात, आणि तोवर नवरीही दमलेली असते, मेंदीवालीही. म्हणून अवघड भाग सुरुवातीला आणि भरणा शेवटी, असा क्रम आधीच ठरवून घ्यावा.

नव्या मेंदीवालीची निवड करतानाही हीच नजर उपयोगी पडते. जाहिरातीत हल्ली यंत्राचीच चित्रं 'आमचं काम' म्हणून झळकताना दिसतात. जाळीची घरं मोजावीत, एखादी वेल सुरुवातीपासून शेवटापर्यंत बोटाने फिरवून पाहावी, आणि वाळत आलेल्या मेंदीचा, कडा किंचित उचललेल्या, असा एखादा साधा फोटो मागावा. त्यांच्याकडे तो असतोच, काम केलेलं असेल तर.

लग्न रविवारी असेल तर मेंदी शुक्रवारी काढावी, म्हणजे रंग खुलायला वेळ मिळतो. कागद मात्र त्याआधी आठवडाभर तरी मेंदीवालीच्या हाती द्या, आणि तिला एक मोर पूर्ण काढून पाहायला सांगा, कुणाच्याही हातावर. त्या सरावाचे वेगळे पैसे तिने मागितले तर घासाघीस करू नका.